आहेराच्या टेबलावर गेलेली चिठ्ठी

सौंसर,
दि. १२ मे

प्रिय वच्छला मावशी,
सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत बरी असेल, बीपीची गोळी तू वेळेवर घेत असशील आणि मावसाजींची उन्हाळी खोकल्याची उबळ थांबली असेल, अशी आशा करते. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. बाबांचे रिटायरमेंटचे कागद अजून फिरताहेत, आई नेहमीसारखी सगळ्यांवर लक्ष ठेवून आहे. आजच्या काळात पत्र का, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. तुला फोन केला की मावसाजी तो स्पीकरवर टाकून अंगणात खाटेवर ठेवतात आणि मग माझं बोलणं तुमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीतल्या सहा घरांना ऐकू जातं. (मागच्या वेळी मी केस गळतात म्हणाले, तर तुमच्या समोरच्या काकूंनी तेलाची बाटली पाठवली होती.) हे प्रकरण त्या गल्लीसाठी नाही. तसं ते रामाकोना गावासाठीही नव्हतं, पण ते पुढे येईलच.

मी ज्या लॅबमध्ये रक्त काढते तिथे फेब्रुवारीत आशिष नावाचा एक जण तापात आला होता. रामाकोन्याचा, आपल्यातलाच, सौंसरला वीज ऑफिसात नोकरीला. दिवसभर तारांशी खेळणारा हा माणूस सुई पाहून पांढराफटक पडला. अशा पेशंटला मी वर बघायला लावते आणि पंख्याची पाती मोजायला सांगते, तेवढ्यात आपलं काम होऊन जातं. त्याने डोळे ताणून मोजली आणि सांगितलं, चार. बंद पंखा, समोर तीन पाती, आणि हा पूर्ण खात्रीने चार म्हणतो! मला हसू आवरेना. पुढे रिपोर्ट मोबाईलवर जातो हे सांगूनही तो रिपोर्ट घ्यायला स्वतः आला. आठवड्याने हिमोग्लोबिन म्हणजे काय ते विचारायला पुन्हा आला. आता हिमोग्लोबिन म्हणजे काय हे दहावी झालेल्या माणसाला माहीत असतं. तेव्हापासून मला सारखी उत्सुकता, की याला नेमकं काय विचारायचं आहे? की मलाच काहीतरी वाटून राहिलं आहे?

माझ्यासोबत लॅबमध्ये पल्लवी आहे. (तिचं स्वतःचं लग्न असंच जमलं, म्हणून ती या विषयातली तज्ज्ञ.) ती म्हणाली, झुरत बसू नकोस, छोटीशी भेट दे आणि सोबत चिठ्ठी दे, म्हणजे त्याच्या मनातलं कळेल. आधी फुलं द्यायचं ठरलं. बस स्टँडजवळच्या फुलवाल्याला मी पाच-सहा गुलाब मागितले, तर त्याने सरळ विचारलं, लग्नाचं हाय का मयतीचं? दोन्ही नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे असा काही बघायला लागला की मी उसाचा रस पिऊन परत आले. मग चॉकलेट ठरलं, तेही चारच, रिबीन बांधलेल्या छोट्या डब्यात. नव्या ओळखीत मोठा डबा दिला की समोरच्याला परतफेडीचं टेन्शन येतं, हे पल्लवीचं म्हणणं मला पटलं.

खरा घाम चिठ्ठीने काढला, मावशी. पहिला मसुदा अकरा ओळींचा झाला आणि वाचला तर तपासणीचा अहवाल वाटत होता. दुसऱ्यात मी मोबाईलवरून दोन ओळींची शायरी उतरवली. पल्लवीने विचारलं, हे तू बोलून राहिली की मोबाईल? तो फाडला. तिसऱ्यात त्याच्या डोळ्यांबद्दल लिहिलं होतं, तो मी स्वतःच फाडला, कारण दोन-तीन भेटींच्या ओळखीत कुणी माझ्या डोळ्यांबद्दल लिहिलं असतं तर मी लॅब बदलली असती. चौथ्याच्या शेवटी 'उत्तर नाही दिलं तरी काही वाटणार नाही' असं लिहिलं. पल्लवी म्हणाली, हे वाक्य वाचूनच समजते का तुला लय वाटणार हाय.

शेवटी तिने मला नीट बसवून समजावलं. चिठ्ठी दोन-तीन ओळींची असावी, उभ्या उभ्या वाचून व्हावी. त्यात अशी एक गोष्ट असावी जी फक्त त्या दोघांनाच माहीत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाला देता आली नसती. थोडी चेष्टा असावी, पण दुखणारी नको. स्तुती करायचीच तर रूपाची नको. आणि शेवटी एखादं साधं बोलावणं असावं, ज्याला हो म्हणणं सोपं आणि नाही म्हणणंही सोपं. 'तू' लिहिणं फार लवकर होतं, 'आपण' लिहिलं तर नोटीस वाटते, म्हणून 'तुम्ही'च्या हिशोबाने लिहिलं. जाड कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढं कापलं, निळ्या पेनने हाताने लिहिलं. स्टेपल मारायचं नाही (पिन बोटात घुसली तर पुन्हा रक्त), कोपऱ्याला भोक पाडून रिबिनीत ओवायचं, म्हणजे डबा उघडण्याआधी चिठ्ठी हाती लागते. मजकूर असा झाला:

"आशिष, पंख्याला पाती तीनच असतात. खात्री करायची असेल तर पुन्हा या. या वेळी सुई नसेल, चहा असेल. – प्र."

पूर्ण नाव लिहावं असं पल्लवीचं मत होतं. मी 'प्र.' वर अडून बसले, कारण माझं सगळं धैर्य त्या एका अक्षरापर्यंतच पोहोचलं होतं.

गेल्या रविवारी आशिषच्या मोठ्या भावाचं, सागरचं, रामाकोन्याला लग्न होतं आणि बाबांना पत्रिका होती. तिथेच निघता निघता डबा त्याच्या हाती द्यायचा, असं मी ठरवलं. त्रेचाळीस डिग्रीत चॉकलेटचं सार होऊ नये म्हणून लॅबमधल्या नव्याकोऱ्या थंड डब्यात गोठवलेला जेलचा पॅक टाकून ते नेलं. वंदना झाली, मंगल परिणय झाला, जेवणं सुरू झाली. थंड डबा मी खुर्चीखाली ठेवला आणि हात धुवायला गेले. परत येऊन पाहते तर डब्यात नुसता जेलचा पॅक. आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आहेर विसरली होती न तू? मी देऊन आली टेबलावर."

मावशी, तुला रामाकोन्याचे भैय्याजी आठवतात ना? गावातल्या प्रत्येक लग्नात आहेराच्या टेबलाशी माईक घेऊन बसतात. कोणाकडून काय आलं ते नाव-गावासकट मोठ्याने सांगतात, सोबत चिठ्ठी असेल तर तीही वाचतात, कारण देणाऱ्याचा मान राहिला पाहिजे. पाटणसावंगीच्या मामांकडून भिंतीवरचं घड्याळ झालं, पाहुण्यांकडून साडी झाली, आणि मग मला माझीच चिठ्ठी दोन कर्ण्यांतून ऐकू आली. आशिष, पंख्याला, पाती, तीनच, असतात. भैय्याजी एकेक शब्द वेगळा करून वाचतात.

मंडपातल्या साडेतीनशे माणसांनी माना वर केल्या आणि पंखे मोजायला सुरुवात केली. माझ्या बाजूच्या आजीबाईने मला खात्रीने सांगितलं, "तीनच हाय वो." बाबांनीसुद्धा मोजली! तिकडे भैय्याजी थांबायला तयार नाहीत. देणाऱ्याचं नाव अर्धवट, गाव नाही, नोंद कशी करायची? ज्यांचा आहेर असेल त्यांनी टेबलाजवळ यावं, असं त्यांनी तीनदा पुकारलं. प्रमोद नावाचा एक जण, आपला नाही, हे सांगायला उगाचच उठून आला. माझ्या हातातला बुंदीचा लाडू दाबून दाबून पुन्हा बुंदी झाला होता. बाबांच्या समोर, साऱ्या नातेवाइकांच्या समोर माझं नाव निघालं असतं तर मी सौंसर सोडून कुठे गेले असते ते मला माहीत नाही.

तेवढ्यात पंगतीत वाकून वाढणारा आशिष उठला. हातातली वाढायची बादली खाली ठेवून सरळ टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "भैय्याजी, थे आहेर नोहोय. लॅबवाल्यायनं माह्यासाठी पाठवलं हाय. द्या इकडे." खोटं काहीच नव्हतं त्यात. डबा घेतला, कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बादली उचलून पुन्हा वाढायला लागला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला इतकं बरं वाटलं, आणि त्याच वेळी इतकी हुरहूर लागली, की याने पाहिलं का नाही?

सोमवारी वेगळीच भानगड. लॅब उघडायच्या आधी दारात सात जण उभे, सगळे रामाकोन्याचे. भगवंतराव नावाच्या आजोबांनी कुठलीही तक्रार नसताना रक्त दिलं आणि मग हात पुढे करून बसून राहिले; रक्त दिलं की लॅबवाले चॉकलेट देतात, असं गावात पसरलं होतं. शेवटी पल्लवीने दुकानातून संत्र्याच्या गोळ्या आणून वाटल्या. डॉक्टरसाहेब मला विचारत होते, ही योजना कोणी सुरू केली.

आशिषचा मात्र चार दिवस पत्ता नाही. गुरुवारी दुपारी आला, माझा रिकामा डबा घेऊन. रिकामा नव्हता, त्यात त्याच्या आईने वाळवलेले आवळे होते आणि रिबिनीत माझंच कार्ड होतं. मागच्या बाजूला लिहिलेलं: "चहा चालेल. सौंसरात नको, सारं गाव पंखे मोजून राहिलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पांढुर्ण्याला येता का? नाही जमलं तरी आवळे तुमचेच." मी आणि पल्लवीने ते तपासून पाहिलं. तिच्या सगळ्या नियमांत बसतं, आणि त्याला तर कोणी शिकवलंही नव्हतं. मी फार आनंदात आहे, मावशी.

मावसाजींना नमस्कार. पूजा आणि अंकुशला आशीर्वाद.

तुझी,
प्रणाली

ता. क. १ : त्या रविवारी मी तुझ्याकडे येते आहे असं घरी सांगितलं आहे. कारण म्हणून तुला चक्कर येते असं सांगून बसले. तेव्हा त्याच्या आदल्या दिवसापासून जरा चक्कर येऊ दे. आईचा फोन आला तर आवाज बारीक ठेव.

ता. क. २ : आईला यातलं काहीही माहीत नाही. तिला कळता कामा नये.

ता. क. ३ : वच्छले, मी लीलाबाई, प्रणालीची माय. पोस्टात टाकतो म्हणून पाकीट घेतलं अन् उघडून वाचलं. चक्कर-बिक्कर काही आणू नको, पोहे कर. थे चिठ्ठी म्या मंडपात डबा उचलला तवाच वाचली होती, दोनदा. वाईट एक शब्द सापडला नाही, म्हणूनच टेबलावर ठेवली. मले पाहाचं होतं का पोट्टा उठते, का खाली मान घालून बसते. उठला. रविवारी त्याले घरी चहाले बोलाव, मी आतल्या खोलीत राहीन. प्रणालीले सांगू नको.