अडलेलं आवतन

इंझोरी

प्रिय भागिरथा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला आधी वाईटच बातमी वाटली असेल. घाबरू नको, आम्ही दोघंही धड आहोत. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी "अगं आज" म्हटलं की तू "आज बाजार असल तुमच्याकडे" म्हणून मोकळी. दुसरं असं, की मी फोन घेतला की हे खाटेवरून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. ऐकायला सगळं येतं त्यांना. म्हणून ते झोपलेत तोवर लिहिते आहे. सातवीपर्यंत शिकल्याचा एवढा तरी उपयोग.

यांना झटका आला ते तुला तुझ्या संघदीपने सांगितलंच आहे. उजवा हात अजून पडून आहे, पाय ओढत ओढत ओट्यापर्यंत जातो. त्याचं मला एवढं वाटत नाही. वाईट वाटतं ते बोलण्याचं. गेलं असतं पुरतं, तर एकदाच रडून गप्प बसले असते. पण तसं नाही. शब्द निघतो, दुसरा निघतो आणि मग अडतं. "ते... ते इकडं..." आणि पुढे नुसते ओठ हलतात. मग माझ्याकडे बघतात, जणू पुढचं मी कुठंतरी ठेवून विसरले आहे. दिवसभर घरात दोन माणसं आणि एक वाक्य पुरं होत नाही, भागिरथा. भांडायलासुद्धा माणूस राहिला नाही. पूर्वी मी एक बोलले की हे चार बोलायचे आणि मी कंटाळायचे, आता त्या चारांसाठी जीव तरसतो.

वाशिमला वर्षाराणी नावाची एक मुलगी आहे, अशा माणसांना बोलायला शिकवते. वयाने माझ्या सुनेएवढी, पण मला चांगलीच फैलावर घेते. पहिल्याच दिवशी म्हणाली, काकू, तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करायची घाई करता, ते थकून मान हलवतात आणि तुम्हाला वाटतं बरोबर ओळखलं. खरंच होतं ते. आपला ऋषिकेश पुण्याहून फोन करतो तेव्हा तेच होतं. यांनी "मले..." म्हटलं की तो म्हणतो, "पैसे पाहिजे का बाबा? औषध संपलं का?" हे हो म्हणतात, तो पैसे पाठवतो आणि यांना मात्र काहीतरी वेगळंच हवं असतं.

तिने रीत शिकवली ती अशी. आधी थांबायचं, मनातल्या मनात दहा म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढ्यात त्यांची नजर कुठं जाते, डावा हात कुठं जातो, कोणती वेळ आहे, आत्ताच कोण येऊन गेलं, हे बघायचं. मग मोठ्यापासून लहानाकडे यायचं. माणूस की वस्तू? घरातली की बाहेरची? एका वेळी एकच विचारायचं. आणि हो म्हणाले तरी भरवसा ठेवायचा नाही, तेच उलटं करून पुन्हा विचारायचं. "पाणी पाहिजे?" ला हो आणि "पाणी नको?" लाही हो आलं, तर ते उत्तर नव्हे, थकवा आहे. अंदाज पटला नाही तर तसं सरळ सांगायचं, की नाही समजलं मले, उद्या पुन्हा पाहू. समजल्याचं सोंग करायचं नाही. एकदा माणसाला वाटलं की आपल्याला कोणी समजूनच घेत नाही, की तो प्रयत्न सोडतो, आणि प्रयत्न सोडला की उरलेले शब्दही जातात, असं ती म्हणाली. मला सगळ्यात जास्त त्याचीच धास्ती होती.

आणखी एक गंमत तिने दाखवली. पाठ असलेलं यांना घडाघडा येतं. एक म्हटलं की वीसपर्यंत आकडे, सकाळचा हरिपाठ, आणि शिव्या तर विचारू नको, एकही विसरले नाहीत. ती म्हणाली, घोकलेलं डोक्यात वेगळ्या वाटेने येतं, स्वतःच्या मनातलं नवं वाक्य जुळवायचं म्हटलं की तिथं अडतं. मी म्हटलं, चला, शिव्या तरी शाबूत आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येते. श्रावण सरत आला तसं यांनी एक नवंच धरलं. ओट्यावर बसले की म्हणायचे, "आवतन... त्याले... आवतन..." आणि बंद. तूच सांग, पोळा तोंडावर आणि शेतकऱ्याच्या तोंडात आवतन, कोणाला दुसरं काही सुचेल? मला वाटलं, बैल आठवले. लाल्याला विकून किती वर्षं झाली, पण पोळ्याच्या आदल्या सांजेला त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळून आवतन दिल्याशिवाय हे जेवायचे नाहीत, हे तुला माहीतच आहे. शेजारचा राजू म्हणाला, "काकू, काहून रडून राह्यली? माही जोडी आणतो ना दारात." बिचाऱ्याने आणली. यांचा डावा हात धरून मी बैलाच्या खांद्यावर ठेवला. आणि भागिरथा, हे स्पष्ट म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका दमात, एकही अक्षर न सांडता. राजूने टाळ्या पिटल्या. मी पदराने डोळे पुसले. वाटलं, ओळखलं बाई मी, सुटलं कोडं.

बैल गेले, दिवा लावून मी बाहेर आले, तर हे पुन्हा म्हणाले, "आवतन... त्याले..." मी म्हटलं, "देल्लं ना आवतन! आता कायले?" त्यांनी खाटेवर हात आपटला. दुसऱ्या दिवशी पोळा झाला, मी पुरण केलं, त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही. पोळा उलटून गेला तरी तेच. ओट्याच्या कोपऱ्याकडे हात न्यायचे आणि तिथून दाराकडे, आत. मला वाटायचं, आत न्या म्हणतात. मी उठवून आत नेलं की आतल्या भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग हळूहळू तेही म्हणेनासे झाले. ऋषिकेशचा फोन आला तरी मान फिरवायला लागले. एक अख्खा दिवस घरात त्यांचा आवाज नव्हता. वर्षाराणी म्हणाली होती तेच सुरू झालं होतं, आणि घोडचूक माझीच कुठंतरी होत होती.

त्या दिवशी ज्वारी निवडता निवडता माझ्या डोक्यात आलं. बैलाचं आवतन तर त्यांना सबंध येतं! राजूच्या जोडीपुढे अडले का ते? नाही. ते तर घोकलेलं. मग जे अडतं, ते बैलाचं नाहीच. ते त्यांचं स्वतःचं, आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य असलं पाहिजे. सणाच्या दिवसांमुळे मी ते सणाला जोडून दिलं, आणि पोळा झाल्यावरही ते थांबलं नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी जाऊन समोर बसले. दहा म्हटलं. विचारलं, "बैल?" मान नाही. "माणूस?" त्यांनी डोळे माझ्यावर रोखले. "घरातलं?" नाही. "गावातलं?" आधी हो, मग नाही. मी म्हटलं, "गावातलं होतं, आता बाहेर गेलं?" त्यांनी माझं मनगट धरलं. मी मुद्दाम आधी दुसरी दोन नावं घेतली. नाही, नाही. मग तुझ्या घरच्यांचं नाव घेतलं, "देवमनभाऊ?" भागिरथा, त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तरी शिकवल्याप्रमाणे उलटं विचारलं, "देवमनभाऊले आवतन नाही द्याचं ना?" तर अशी एक सणसणीत शिवी आली, की मला इतक्या दिवसांनी हसू फुटलं आणि रडूही.

आणि मग ओट्याचा तो कोपरा मला दिसला. आमचा लाल्या आणि तुमचा बांड्या, दोन घरांचे दोन बैल मिळून एक जोडी. शेताच्या धुऱ्यावर तुझी भाकर मी खाल्ली, माझा ठेचा तू नेलास, देवमनभाऊ आणि हे एका तांब्याने पाणी प्यायले. पण पोळ्याला बांड्या आमच्या दारात यायचा, मी त्याचे पाय धुवायचे, ओवाळायचे, पुरणपोळी चारायचे, आणि देवमनभाऊंचं ताट मात्र त्या कोपऱ्यात यायचं. सासूबाई विटाळ मानायच्या म्हणून तसं होतं, आणि त्या गेल्यावरही कोणी बदललं नाही. "आत या" असं कधी म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. भाऊ जेवायचे, ताट स्वतः धुऊन पालथं घालायचे, हसून जायचे. तू तर पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे कधी आलीच नाहीस, आणि का येत नाहीस ते मी कधी विचारलं नाही. मला लाज वाटते. यांना माझ्याआधी वाटली, आणि वाटली तेव्हा तोंड गेलेलं होतं.

म्हणून हे पत्र. आवतन द्यायला घरच्या माणसाला जावं लागतं, पण यांना एकटं सोडून मला निघता येत नाही, ते तू समजून घे. तुम्ही दोघांनी आमच्याकडे जेवायला यावं, घरात, चुलीजवळ, आमच्या पंगतीला. दिवस तुम्ही सांगा. देवमनभाऊ समोर आले की हे बोलायला जातील आणि अडतील. भाऊंना सांग, घाई करू नका, त्यांना अडू द्या, आणि वाक्य त्यांच्या वतीने पुरं करू नका. आणि यायचं मन नसेल, इतक्या वर्षांनी का म्हणून यावं असं वाटत असेल, तर तोही तुमचा हक्क आहे, मी रागावणार नाही. फक्त "पाहू" म्हणून सोडून देऊ नको, भागिरथा. येतो किंवा येत नाही, जे असेल ते सबंध लिही. दिवसभर मी अर्ध्यावरून अंदाज बांधते, तुझ्या बाबतीत मला तो बांधायचा नाही.

तुझीच,
चतुरा