येते आणि जाते

दि. ४ फेब्रुवारी

चि. झिपरीस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. माझी गाणी असलेल्या सिनेमाच्या खाली इंग्रजी मजकूर घालायचं काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून मी आतोबांना दोनदा वाचायला लावलं. बारा वर्षांनी कुणी माझ्याकडून गाणी लिहून घेतली, आणि ती परक्यांपर्यंत न्यायला घरचीच पोर! आता एकही शब्द सुटता कामा नये. आणि यमकं जुळली पाहिजेत.

तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंग्रजीच्या मास्तरांकडून पहिलं गाणं करून घेतलंय, सोबत पाठवते. 'जिवाची घालमेल' या शब्दांवर त्यांनी फार मेहनत घेतली. आतोबांनी वाचलं आणि विचारलं की हे औषध ढवळून प्यायचं की गाळून. तू त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

डोळ्यांना जप. आत्याचा लोभ तुला ठाऊक आहेच, यमक जुळल्यास दुप्पट होईल.

तुझी,
आत्या

दि. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

मास्तरांना माझा नमस्कार सांग. त्यांचं भाषांतर वापरता येणार नाही, हे मात्र तूच सांग, मला हिंमत नाही.

आधी माझी अडचण ऐक. पडद्याच्या तळाशी मला जेमतेम दोन ओळी मिळतात, एकेका ओळीत चाळीसेक अक्षरं. ती वाचून होईपर्यंत ठेवावी लागतात, आणि शक्यतो दृश्य बदलायच्या आत काढावी लागतात. तुझी गायिका एक अक्षर आळवत बसते आणि पुढच्या तीन ओळी पळवून लावते. त्यात यमक घातलं की प्रेक्षक खाली कवितावाचन करत बसेल आणि वर नायिकेचा चेहरा निघून जाईल.

पहिलं गाणं चालू असताना पडद्यावर कलाकारांची नावं येतात. मी प्रयत्न करून पाहिला. घालमेल नेमकी ध्वनिमुद्रकाच्या नावाखाली आली, आणि सगळा जीव त्या बिचाऱ्याचाच कासावीस झाल्यासारखा वाटला. ते गाणं मोकळंच ठेवू या. दुसरं बाळाला झोपवायचं, 'टिपीटिपी टोपलं, कोण कुठे झोपलं'. त्याचा अर्थ तुला तरी ठाऊक आहे का?

खरा घोळ तिसऱ्याचा. ते मला द्यायचंच आहे, पण दिग्दर्शक ऐकत नाहीत. गाणं कानांनी ऐकायचं असतं, डोळ्यांनी वाचायचं नसतं, असं त्यांनी मला टेबलावर बोट आपटून सांगितलं. पुढच्या आठवड्यात काही इंग्रजी मंडळींना बोलावून सिनेमा दाखवून बघणार आहेत, तिन्ही गाणी कोरी ठेवून. जास्त बोलले तर काम दुसऱ्याकडे जाईल, म्हणून गप्प बसले. माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झालीय, आणि एक पातं तू आहेस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
झिपरी

दि. १५ फेब्रुवारी

चि. झिपरीस आशीर्वाद. 'अ. उ.' या खेपेला मुद्दाम गाळले आहेत, तुला गाळायची आवड आहे ना.

टोपल्याला अर्थ नाही, हे मान्य. ते बाळासाठी लिहिलंय आणि बाळाने कधी तक्रार केली नाही. पहिलं गाणं कोरं ठेवतेस, तेही गिळते. पण तिसरं? अगं, नायिका घर सोडून कायमची चाललीय, हे अख्ख्या सिनेमात कुणी बोलूनच दाखवत नाही! ती ते फक्त गाण्यात सांगते. रोज शिवणकामाला निघताना उंबऱ्यात 'येते रे घरा, येते' म्हणणारी बाई शेवटी 'जाते रे घरा' म्हणते. तेवढ्यावर मी पंधरा दिवस घासले होते. दिग्दर्शकांना म्हणावं, हे गाळायचं तर बाईला घरातच बसवा.

मास्तर दुखावलेत. जिन्यात भेटले तर छताकडे बघतात.

आत्या

दि. २३ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

बस आणि मग वाच.

गाणी कोरी ठेवून सिनेमा दाखवला. पहिल्यात सगळे आनंदात. टोपल्याच्या वेळी तर एक आजोबा मान डोलवत होते. तिसरं सुरू झालं आणि कुजबुज. खालचा मजकूर बंद पडलाय असं समजून एकजण यंत्र चालवणाऱ्याला उठवायला गेला. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी मंडळी जागची हलेनात. एका बाईंनी नम्रपणे विचारलं की ती कामावरून कधी परतते. दिग्दर्शकांचा चेहरा पाहवत नव्हता.

मग घाबरून त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून शब्दाला शब्द लावून घेतला. दुसऱ्या दिवशी नवे प्रेक्षक. नायिका पिशवी उचलून दाराबाहेर पाऊल टाकते आणि खाली इंग्रजीत उमटतं की मी येत आहे. सगळा हॉल हसला, गं. तुझ्या गाण्याला. मी खुर्चीत एवढीशी झाले.

आता ते म्हणतात तूच कर, पण चार दिवसांत. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे त्या भाषेत नाहीच. मी 'येते'ला परत येईन असं करतेय आणि 'जाते'ला सरळ गुडबाय. पण ते गुडबाय दार आपटल्यासारखं वाटतं. तुला काय वाटतं? इंग्रजी येत नाही असं सांगून सुटू नकोस.

वाट बघणारी,
झिपरी

दि. २५ फेब्रुवारी

चि. झिपरीस अ. उ. आ.

फोन करणार होते, पण फोनवर मला रडू आवरलं नसतं. हसले म्हणे!

आता ऐक. ती दार आपटत नाही. शेवटच्या धृपदात ती एकदाच 'जाते रे घरा' म्हणते. दुसऱ्यांदा तोंडच उघडत नाही, नुसती बासरी वाजते. हे तू विसरलीस. मग तुझ्याही ओळीचे दोन तुकडे कर. रोज आधी 'निघते रे घरा', मग 'लवकर परत येईन'. शेवटी पहिलाच तुकडा ठेव. बासरीच्या जागी काही लिहू नकोस. त्यांना वाट बघू दे.

आणि मधल्या कडव्यातली चांदणी, दवबिंदू, सुईचं नाक, सगळं खुशाल काढ. लिहिताना गोड वाटलं होतं एवढंच.

आत्या

दि. २७ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

केलं. धृपद एकदा दिलं की पुन्हा द्यायचं नाही असा आमच्यात रिवाज आहे, तो मोडून दर वेळी दिलं, नाहीतर शेवटचा बदल कळणार कसा? दोन तुकडे वेगवेगळे उमटवले, कारण एकत्र दिले की माणूस गायिकेच्या आधीच वाचून मोकळा होतो. दिग्दर्शकांनी तीनदा पाहिलं. मग म्हणाले की पहिली दोन कोरी, तिसरं असंच. वर ही त्यांची मूळची कल्पना होती असंही म्हणाले.

परक्या पाहुण्यांसाठीच्या मोठ्या खेळाला मला येता येणार नाही, नवं काम गळ्यात पडलंय. तू आणि आतोबा जा, आणि सगळं लिही.

झिपरी

दि. ९ मार्च

चि. झिपरीस अनेक, उत्तम, आणि आणखी काय उरले असतील ते सगळे आशीर्वाद.

जाऊन आलो. मी पडदा पाहिलाच नाही, माणसं पाहिली. रोजचं 'परत येईन' आलं की माझ्या शेजारच्या बाई जराशा सैल व्हायच्या. शेवटी 'निघते रे घरा' उमटलं आणि बासरी सुरू झाली. सगळ्यांचे डोळे खाली, त्या मोकळ्या जागेवर. तिथे काही येत नव्हतं. मागे कुणीतरी नाक ओढलं. हसलं कुणी नाही.

दिवे लागल्यावर दिग्दर्शकांनी लांबून माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा त्या बाईंना समजलं गाणी कुणाची ते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत बरंच काही बोलल्या. खूप वेळ. आतोबा छत्री शोधायला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, थांबव त्यांना, मी विचारून सांगतो काय म्हणाल्या ते.

मी म्हटलं, राहू दे.

तुझी,
आत्या