सरांना सांगितलेली काशी

३ नोव्हें., सोम.
शनिवारी विहारातून बस. सारनाथ, बोधगया, कुशीनगर. आई, बाबा, मी. परत १६ला. म्हणजे गणिताच्या ट्यूशनच्या सात संध्याकाळी बुडणार. तेही बारावीत, नेमकं इंटिग्रेशन चालू असताना! सरांचा नियम: आधी विद्यार्थ्याने स्वतः सांगायचं, मग घरून ग्रुपवर मेसेज. आज जीभच उचलली नाही.

४, मंगळ.
सांगितलं. भरल्या बॅचमध्ये, तिथंच चुकलं. "सर, घरचे सगळे तीर्थयात्रेला चाललोय." सर खूश. "अरे वा, काशी?" आणि मी मूर्ख, "हो सर." सारनाथ काशीजवळच आहे, अगदीच खोटं नाही. पण... बोधगया म्हटलं की आम्ही कोण ते कळतं. मग समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. तेवढं टाळायचं होतं.
सर इतके चांगले वागले की अजूनच कसंतरी झालं. बॅचमधली रिया रोज फळ्याचा फोटो पाठवेल. आल्यावर दोन दिवस सकाळच्या बॅचला बसायचं. रविवारची टेस्ट माझी एकटीची १८ला. वर म्हणाले, "माझ्या आईसाठी गंगाजल आणशील?"

५, बुध.
सरांनीच पालकांच्या ग्रुपवर टाकलं, मी काशीयात्रेला जाणार म्हणून टेस्ट पुढे. बाबांनी चहा पिताना वाचलं.
"काशीले कोण जाऊन राहिलं?"
मी वहीत डोकं घातलं.
"लाज वाटली तुले?" ओरडले असते तर परवडलं असतं. "माह्या आज्यानं दीक्षा घेतली, तं गावानं त्याले विहीर बंद केली. तरी तो सांगत फिरला. तुले काय झालं वं?"
बाबा ग्रुपवर खरं लिहायला निघाले होते. मी हात धरला. मीच सांगते म्हटलं.

६, गुरु.
नाही सांगितलं. दोनदा टेबलापर्यंत गेले, दोनदा गणितच विचारून आले. स्वतःचा राग येतोय.

७, शुक्र.
सगळे गेल्यावर थांबले. एका दमात बोलले: सर, काशी नाही, बोधगयेला चाललोय, आम्ही बौद्ध आहोत, त्या दिवशी खोटं बोलले. सर डस्टर झटकत राहिले. "बरं. पहिली तीस उदाहरणं बसमध्ये सोडव." एवढंच. रागावले की नाही, कळलंच नाही. गंगाजलाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, त्यांनी लगेच ग्रुपवर बोधगयेचा मेसेज टाकला.

८, शनि.
बस सहाला सुटली, बरोबर बॅचच्या वेळेला. चार उदाहरणं झाली, पाचवं अडलंय. बाबांनी बॅगेत एक रिकामी बाटली ठेवलीय.
"सारनाथहून गंगा कितीशी दूर? मास्तरनं मायसाठी मागतलं ना, मंग नेऊन देऊ."
नेईन. पण सर घेतील? त्यांची आई पिईल, माझ्या हातचं?