अजून वाफसा नाही

१० जुलै, रात्री ८.१०
लातूर. केवळाबाईंच्या दहा कवितांपैकी नऊ इंग्रजीत उतरल्या. उरली शेवटची, तिच्यातही फक्त शेवटची ओळ. दिल्लीच्या संपादक आरती मॅडमना सकाळी नऊपर्यंत फाइल हवी. दहा मिनिटांचं काम. मी कोचिंग क्लासला एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतोय.

८.३५
ओळ अशी: ‘रडून झालं दोन पावसाळे. अजून वाफसा नाही.’ वाफसा म्हणजे वाफच. Vapour लिहिलं. झकास.

८.५०
बायकोला, उज्वलाला, वाचून दाखवलं. ती अर्धापूरची, माहेरी केळीच्या बागा. म्हणाली, वाफ कुठली? पाऊस उघडल्यावर रानात चिखलही नको आणि माती कडकही नको, अशी पेरणीजोगी ओल येते, तो वाफसा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, टाकला की फुटावा.
हे मला माहीत होतंच. तिची परीक्षा घेत होतो.

१०.२०
शेतीच्या कोशात workable moisture. कविता सरकारी परिपत्रक वाटायला लागली. Ripe म्हटलं तर फळ. Dry तर साफ उलटं. कोरड्या रानात कोण पेरतं? Ready चालेल, पण त्यात मातीच नाही.

११.४५
मूळ शब्दच ठेवू, खाली तळटीप देऊ. टीप सत्त्याण्णव शब्दांची झाली. कविता एकोणतीस शब्दांची. शिवाय मॅडमनी तळटीपा नको म्हणून बजावलंय. त्यांना कवितेतलं कळत नाही.

११ जुलै, रात्री २.०५
प्रत्यक्ष अनुभव हवा. गॅलरीतल्या कुंडीतली माती मुठीत दाबली. गोळा होईना. उज्वलाने झोपेतून उठून सांगितलं की ती मातीच नाही, नारळाच्या भुशाचं कोकोपीट आहे.

४.३०
केवळाबाईंना फोन करणार नाही. ‘तुमचा शब्द न् शब्द मला कळतो,’ असं मीच त्यांना सांगितलंय.

६.१५
केला. त्या भोकरला, कधीच्या उठलेल्या. वाफसा इंग्रजीत बसत नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, तिकडं पेरत न्हाईत का? मग म्हणाल्या, पोरगं जाऊन दोन वर्षं झाली, लोक म्हणतात बाई आता हस, एखादं लग्नकार्य बघ.
“पर अजून पाय ठिवला की फसतो बघा, सर.”
फोन त्यांनीच ठेवला.

६.४०
नाम सोडलं, पाय धरला. Not yet. The ground still takes the foot. ओल आली, रान आलं, थांबणं आलं. पेरणी गेली, तेवढी जाणारच. दोनदा मोठ्याने वाचलं. पाठवलं.

१०.५०
मॅडमचं उत्तर आलं. शेवटची ओळ अप्रतिम. पुढे: ‘इथे पहिल्यांदाच तुमचा आवाज येत नाही, बाईंचा येतो. बाकीच्या नऊ कविता पुन्हा अशाच कराव्यात.’
नऊच्या नऊ परत आल्यात. उज्वलाला फक्त ‘अप्रतिम’पर्यंत वाचून दाखवलं.