पिवळा पडदा आणि खालचं नाव

१२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

हे पत्र ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावरून लिहिते आहे. घरून फोन करायची सोय नाही. तुझ्या आईचे कान कसे आहेत ते तुला मी काय सांगू! स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. मेसेज करावा तर तो माझ्या फोनला जोडलेल्या तुझ्या दादाच्या टॅबवरही उमटतो, आणि टॅब हल्ली दुपारभर आईंच्या मांडीवर असतो. तूही उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव.

काल भलतंच झालं. तुझी ती मैत्रीण, जिला तू तुफान म्हणतेस, तिने तुझा फोटो टाकला. तू स्टुलावर चढून खिडकीला पिवळा पडदा लावते आहेस, आणि खाली लिहिलंय, नवं घर, नवी सुरुवात. तुला टॅग केलेलं, त्यामुळे तुझ्या यादीतल्या सगळ्यांना तो दिसला. दादाच्या पानावर तर सगळ्यात वर. आईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, हा पडदा कुणाकडचा गं? मी म्हटलं, मैत्रिणीकडचा असेल, मदतीला गेली असेल. त्यावर त्यांनी टॅब आणखी जवळ ओढला, तेच मला जड गेलं.

अगं, वर्ष होत आलं तुला नवरा सोडून. आईंना कळू द्यायचं नाही हे आपण तिघांनी त्यांच्या रक्तदाबाच्या भीतीने ठरवलं. दर रविवारी तू फोनवर जावईबापूंची खुशाली सांगतेस आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते. नाटक कंपनीच काढायला हवी होती आपण. पण आता एका पडद्याने सगळं उघडं पडायचं. त्या बाईला आवर बाई.

दादा ठीक आहेत, गुडघा कुरकुरतोय. जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
वहिनी

२० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न.

आवर म्हणतेस, पण कशी आवरू? ज्या दिवशी मी एक बॅग घेऊन निघाले, त्या दिवशी दार उघडणारी ती एकटी होती. महिनाभर मी तिच्या फरशीवर झोपले. तिनेच लॉन्ड्रीच्या मालकाकडे माझ्यासाठी शब्द टाकला. आता आम्ही दोघी चादरींच्या रोलर मशीनवर समोरासमोर उभ्या असतो. ती ओली चादर आत सोडते, मी दुसऱ्या बाजूने कडक झालेली ओढून घड्या घालते. तो पिवळा पडदासुद्धा तिनेच शिवून दिला. अशा बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुझा उत्साह मला नको?

बरं, मी काहीच केलं नाही असं समजू नकोस. आधी गुपचूप त्या फोटोवरचा माझा टॅग काढून टाकला. असं केलं की तिला काही सूचना जात नाही. पण तुफान आपलाच फोटो दिवसातून दहा वेळा बघते. नाव गेलेलं दिसल्यावर तिला वाटलं, फोनने घोटाळा केला. बिचारीने तोच फोटो नव्याने चढवला, पुन्हा माझ्या नावासकट!

मग मी आडून सुचवलं. म्हटलं, माझे फोटो किती भयंकर येतात, बघवत नाही. झालं! तिने मला उजेडात उभं केलं, केस नीट केले आणि सहा फोटो काढून सहाही टाकले. एकात मागे लॉन्ड्रीची पाटीसुद्धा आली. आता ती सगळ्यांना सांगत फिरते की हिचा आत्मविश्वास मी वाढवणार आहे.

सेटिंगमध्येही जाऊन आले. मी मान्यता दिल्याशिवाय टॅग केलेला फोटो माझ्या पानावर दिसणार नाही असं करता येतं, ते केलं. पण फोटो तिच्या पानावर राहतोच, माझ्या नावासकट. आणि तिने माझ्या मावसबहिणीला यादीत घेतलंय. त्या बाईकडून आपल्या घरी काय काय पोचतं ते तुला माहीत आहे.

खरं कारण तिला सांगितलं तर ती म्हणेल, आईला आजच सांग, मी येते बरोबर. आणि खरंच येईल. मी काय करू, वहिनी? तूच सांग. आईची औषधं चुकवू नका.

तुमच्या सगळ्यांच्या मायेवर जगणारी,
चिंगी

२८ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझी चूक तुला दाखवू? तू फोटोंना नावं ठेवलीस. मग ती तुझी समजूत काढणार, नाहीतर काय करणार! फोटो वाईट आहे म्हटलंस की चांगला काढायची जबाबदारी तिच्यावर येते. इथे मी रोज लोकांना पुस्तकं परत मागते, तीही त्यांना चोर न म्हणता, तेव्हा या विषयात माझं थोडं ऐक.

चारचौघांत बोलू नकोस आणि तिने नुकताच फोटो टाकलेला असताना तर मुळीच नको, नाहीतर त्या एका फोटोची तक्रार वाटेल. मेसेजही नको, त्यात आवाज ऐकू येत नाही. तिला एकटीला गाठ. आधी जे खरं आहे ते सांग, की तिने आठवणीने तुला प्रत्येक फोटोत घेतलं याचं तुला बरं वाटतं. मग अडचण तुझी आहे म्हणून सांग: माझं नाव असं सगळ्यांसमोर आलं की मला जीव मुठीत धरल्यासारखं होतं. तू नेहमी असं करतेस, लोक काय म्हणतील, असलं काही तोंडातून काढू नकोस. कारण एकच दे. चार दिलीस तर ती चारही खोडून काढेल.

आणि मागणं नेमकं ठेव. फोटो काढ, तुझे टाक, फक्त माझं नाव जोडू नकोस. माझा असेल तो मला एकटीला पाठव. म्हणजे तिचा आनंद तिच्याकडे राहील. जुन्यांवरची नावं मी काढते आहे, तो राग समजू नकोस, हेही आधीच सांग, नाहीतर नंतर दिसलं की टोचेल. दहा वेळा माफी मागू नकोस. एकदा सांगून हातातलं काम पुढे चालू ठेव.

मी चार दिवस मनात घोळवून हे लिहिलंय. आई हल्ली टॅब घेऊन खिडकीशी बसतात, फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतात. लवकर कर गं.

असाच जीव लावत राहा.

वहिनी

९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

जमलं! परवा बाकीच्या जेवायला गेल्या आणि आम्ही दोघी मोठ्या चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. तू लिहिलंस तसंच, त्याच क्रमाने बोलले. पहिली घडी वाकडी पडली, ती उलगडून पुन्हा घातली.

तिने आपली टोकं माझ्या हातात दिली. मग म्हणाली, एवढंच ना? वेडे, आधी नाही का सांगायचं! तिथेच फोन काढून तिने पडद्याचा फोटो उडवला, मग पाटीचाही, मी मागितलं नव्हतं तरी. आता फोटो काढण्याआधी मला विचारते, आणि माझे मला एकटीला पाठवते. रागावलेली नाही.

फक्त एक बोलली ते मनातून जात नाही. म्हणाली, मला वाटलं तुझ्या माणसांना दिसावं, तू ठीक आहेस म्हणून, मुद्दाम तुझं नाव घालत होते. मी हसले आणि घडी घातली.

पण असो. आता सुटलो आपण. रविवारी आईला सांगेन, यांचा खोकला बरा आहे.

तुझ्या उपकारात बुडालेली,
चिंगी

२४ मार्च

चि. चिंगीस,

आशीर्वाद आहेतच, ते लहानपणापासून देऊन ठेवलेत.

हे पत्र लॉन्ड्रीच्या पत्त्यावर येतंय, दचकू नकोस. तुझ्या मैत्रिणीच्या एका फोटोत पाटी होती. मोठी करून बघितली, पत्ता लिहून ठेवला.

पंधरा दिवस झाले, तुझा एकही फोटो येत नाही. मला वाटलं, तू आजारी पडलीस. तुझ्या वहिनीला विचारलं तर ती आधी हसली, मग रडायलाच लागली. सगळं सांगितलं तिने. तिच्यावर मी ओरडले नाही. ओरडायची ताकद होती, पण इच्छा नव्हती.

मला पडद्याच्या फोटोपासूनच कळलं होतं. खोलीत कॉट एक, दाराशी चपला एकाच माणसाच्या. तरी तू रविवारी म्हणायचीस, यांचा खोकला वाढलाय, आणि मी गरम पाण्याच्या गुळण्या सांगायचे. नसलेल्या माणसाच्या खोकल्याला मी औषध सांगत होते, चिंगे! वाट बघत होते की एखाद्या रविवारी तू आपणहून बोलशील. तोवर फोटो होते. त्यात तू हसत होतीस. सासरी गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दुपारी ते बघून मला झोप लागायची. तेही तुम्ही बंद केलंत.

मैत्रिणीला वाईट वाटू नये म्हणून काय बोलायचं, कसं बोलायचं, सगळं ठरवलंत. एकटीला गाठायचं, आधी तिचं चांगलं बोलायचं, मग आपली अडचण सांगायची. छान केलंत. वहिनी चार दिवस विचार करत होती म्हणे. माझ्यासाठी चार मिनिटं कुणी बसलं नाही. म्हातारीला सोसणार नाही असं तिघांनी ठरवून टाकलं, मला न विचारता. मला राग त्याचा आहे. नवरा सोडलास त्याचा नाही. त्या माणसाला मी वरातीच्या दिवशीच ओळखलं होतं.

तर आता मीही तुमच्याच रीतीने मागते. माझी काळजी केलीत, बरं वाटलं. अडचण माझी आहे, खोटं ऐकलं की माझा जीव घाबरा होतो. मागणं एकच, मला न विचारता माझ्याबद्दल ठरवू नका. यात राग समजू नकोस असं वहिनीने शिकवलंय, पण राग आहे, तो समज.

रविवारी फोन करू नकोस. मी उचलणार नाही. कधी उचलेन ते माझं मी ठरवेन.

त्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. तुला फरशीवर का होईना जागा दिली, आणि आईला तुझं तोंड दाखवलं. तिला विचार, पडद्याचा तो फोटो तिच्याकडे अजून असेल तर एक प्रत मला पाठवेल का. खाली नाव घालायची गरज नाही. मी ओळखते तुला.

तुझी,
आई