वेलीचं नाव मी बदललं

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. मी पत्र लिहिणार नव्हतो. तुम्ही असताना रोज भांडायला यायचो, तेव्हा पत्राची काय गरज होती? पण आज सकाळी प्रेसचे मालक बाबूरावांनी तुमच्या तिसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्या टाइपांच्या केसवर आपटलं, आणि पहिल्याच पानावर तुमच्या गोष्टींतल्या पाचही पोरांची नावं लाल शाईनं खोडलेली होती. सोमवारी पहिल्या पानांचा फॉर्म छपाईच्या मशीनवर चढणार. मला किळस आली. लिहिल्याशिवाय ती जायची नाही.

काय केलंय ऐका. कानोबाचा सिंहनाद. पिळ्याचा वज्रबाहू. झेंडूचा रणधीर. माळप्पाचा गरुडाक्ष. आणि वेलीची? शौर्यलता! अप्पा, हसू नका. मला सकाळी हसता आलं नाही.

मी म्हटलं, "बाबूराव, हे काय?"

"ती गावंढळ नावं शाळांच्या बक्षिसाच्या यादीत बसत नाहीत रे. पिळ्या काय, झेंडू काय! मास्तर लोक नाक मुरडतात. पोरांना आदर्श पाहिजे."

आदर्श! खोल विहिरीत पोर अडकलंय, दोर तुटायला आलाय, आणि वरून कुणी ओरडायचं, "अहो गरुडाक्ष, जरा इकडे या!" तोवर पोर बुडून मोकळं.

तुम्ही ही नावं कशी जन्माला घातलीत ते या माणसाला कधी कळणार? होटगीच्या यार्डात, तुमची रेल्वेतली नोकरी संपल्यावरही, तुम्ही मला मालगाडीच्या डब्यांपलीकडे उभं करायचात आणि केबिनच्या टोकाला जाऊन नावं ओरडायचात. एकेक. वाऱ्याविरुद्ध. मी कुठलं नाव ऐकलं ते पळत येऊन सांगायचं. चुकलो की नाव बाद. आधी तुमच्या पाचांत चौघांची नावं ऊ-कारान्त होती. कानू, पिळू, माळू, झेंडू. मी धापा टाकत आलो आणि म्हणालो, "अप्पा, नुसतं ऊऽऽ ऐकू येतंय. कोल्हे ओरडल्यासारखं."

तुम्ही दगडावर बसून बिडी विझवलीत. "व्हय की. पयलं अक्षर वारा खातो इसू, शेवटचं तेवढं कानात येतं. पाचांची शेवटं पाच पायजेत."

तिथेच कानूचा कानोबा झाला, पिळूचा पिळ्या, माळूचा माळप्पा. तिघांचा शेवट आ, पण बा, ळ्या आणि प्पा वाऱ्यातही वेगळे ऐकू आले. झेंडू एकटाच ऊवर राहिला. मग दुष्काळात आटलेली तुमच्या घरामागची विहीर. तुम्ही साठीचे, पायऱ्या उतरून तळाशी गेलात आणि मला वरून हाका मारायला लावल्या. विहिरीत आवाज घुमतो, अक्षरं एकमेकांवर चढतात, म्हणून लांबलचक नाव तिथं चालत नाही. मी कॉलेजात शिकलेला शहाणा. चढणाऱ्या मुलीसाठी 'चपला' नाव सुचवलं होतं. खालून तुमचा आवाज आला, "चपला म्हटल्यावर पोरं वहाणा शोधतील की रे!" मी काठावर बसून पोट धरून हसलो होतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. नावानं अर्धंच सांगायचं. पिळ्या म्हटल्यावर दोराचा पीळ मनात येतो, पण तो विणकर गल्लीतला, आईशी तेलुगूत भांडणारा, तुटलेल्या धाग्याला डोळे मिटून गाठ मारणारा पोरगा आहे, हे पोरानं वाचत वाचत शोधायचं. कानोबा आपलं घरगुती नाव, पण पहिल्या पुस्तकात तो जमिनीला कान लावून गाडल्या गेलेल्या माणसाचा श्वास ऐकतो, तेव्हा वाचणारं पोर म्हणतं, अच्छा! झेंडू केबिनमनचा मुलगा, त्याची दोन निशाणं, लाल आणि हिरवं. माळप्पाला माळरानावरची शेरडामेंढरांची प्रत्येक वाट ठाऊक. वेली कशालाही धरून वर जाते. एकाला एकच गोष्ट येते, दुसरी नाही. म्हणून संकट आलं की वाचणाऱ्या पोराच्या तोंडून पान उलटायच्या आधीच हाक निघते, "आता वेली!" ती हाक निघाली की नाव बरोबर. एवढंच माप होतं तुमचं.

कंपोझिटर म्हणून मी तुम्हाला शिव्या घातल्या ते आठवतं? झ चे शिशाचे खिळे आमच्या केसमध्ये मूठभर. झेंडूनं एका फॉर्ममध्ये चारदा निशाण दाखवलं की खाना रिकामा. मी म्हटलं, याला आजारी पाडा. तुम्ही म्हणालात, "बरं, दोन पानं झोपवतो." मी ओरडलो, "झोपवू नका, त्यातही झ आहे!" तुम्ही त्याला तापानं फणफणवलंत.

आता येतो मूळ गोष्टीकडे. टाळत होतो. टाळतोय याचीही शिसारी येते.

माझ्या वर्गातल्या नलिनीचं तुम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षाला भर वर्गात सरांनी तिच्या केसांवर काहीतरी बोलून सगळ्यांना हसवलं, मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही. तिनं मला असं काही करायला सांगितलं नव्हतं. तिनं मला कधीच काही सांगितलं नव्हतं! तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरीनं हाक मारली न्हाय, आन् तू पळत सुटलास." मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, वेलीचं नाव नलिनी करूया का? तुम्ही विचारलंत, "ती चढती का रे?" नाही म्हटलं. "मग?" बस्स. एवढंच.

मग तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते चिघळलं, पट्टी काही सुटेना, आणि प्रुफं वाचायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी वेलीची नलिनी केली. चाळीसेक ठिकाणी. अप्पा, हे एका फटक्यात होत नाही. वेली दोन अक्षरांची, नलिनी तीन. प्रत्येक ठिकाणी ओळ वाढते, शब्दांमधल्या जागा काढून, बारीक जागा घालून ओळ पुन्हा बसवावी लागते, कुठं कुठं पुढची ओळही मोडावी लागते. चाळीस वेळा मला थांबता आलं असतं. थांबलो नाही. प्रत्येक ओळ बसवताना वाटायचं, ती वाचेल.

तिनं वाचलं. कॉलेजच्या फाटकाशी मला पुस्तक परत दिलं. "हे तू केलंस? मला साधी शिडी चढता येत नाही." आणि मग, जरा दयेनं, "माझं ठरलंय. श्रीपूरला. साखर कारखान्यात आहेत ते." तिच्या मागे उभ्या मैत्रिणी हसत होत्या.

पण यापेक्षा वाईट पुढे आहे.

तुम्ही दवाखान्यात म्हणालात, "इसू, वाचून दाखव. डोळं न्हाईत तर कान तरी." मी खाटेशी बसलो. छापलेलं होतं नलिनी. मी वाचलं वेली. प्रत्येक ठिकाणी. विहिरीच्या भिंतीवर मुलगा लटकलाय, दोर कमी पडतोय, मी श्वास घ्यायला थांबलो आणि तुम्ही पट्टीखालून, लहान पोरासारखे, शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकतील असे ओरडलात, "आता वेली!"

अप्पा, तुम्ही हसत होतात. मी पुढचं वाक्य वाचलं. कसं वाचलं मला माहीत नाही.

"पोरांची पत्रं आली का?" तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणालो. खोटं. एक पोस्टकार्ड आलं होतं, माझ्या खिशातच होतं. अक्कलकोट रोडच्या बाजूच्या कुठल्या वस्तीतली चौथीतली मुलगी. बाप टॉवेलच्या कारखान्यात. लिहिलं होतं, "मी दर पानावर वेलीची वाट पाहिली. वेली मेली का? नलिनी कोण आहे? ती का चढते?" तुमच्या नावानं आलेलं पत्र मी तुम्हाला दिलं नाही. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

जाताना एकदा तरी माझा कान धरायचात ना! का नाही विचारलंत, पुस्तक हातात दे म्हणून? इतका का विश्वास टाकलात माझ्यासारख्या नालायकावर?

म्हणून आज सकाळी बाबूरावांशी भांडताना माझा आवाज मध्येच फुटला. मी ओरडलो, "मेलेल्या माणसाची नावं खोडायला लाज वाटत नाही?"

त्यांनी चष्मा वर केला. "वेलीची नलिनी करताना तुला लाज वाटली होती का रे? मला वाटलं, लेखकाला विचारूनच केलं असशील. नंतर कळलं, त्यांना ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, चला, कंपोझिटरला चालतं तर मालकाला का नको?"

मशीनवरचे सगळे वळून बघायला लागले. दार मीच उघडून दिलं होतं, अप्पा. ते नुसते आत आले.

मग ते म्हणाले, आणि मला वाटतं चिडवायलाच म्हणाले, "एवढं आहे तर लिहून दे. दुसऱ्या पुस्तकात काय केलंस, का केलंस. तुझ्या सहीनं, या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापतो. मग राहू देत तुझ्या अप्पांची नावं. शाळा गेल्या खड्ड्यात. आहे छाती?"

सगळं सोलापूर वाचणार. कॉलेजातले वाचणार. श्रीपूरला कुणी भेट म्हणून पाठवलं तर तिथंही. मी दुपारभर केससमोर उभा होतो. आधी जुळवलं, 'नजरचुकीने'. तो शब्द जुळणीच्या स्टिकमध्ये पाहिला. जुळणी मोडून खिळे परत खान्यात टाकले.

आता जे जुळवलंय ते गॅलीच्या तबकात बांधून ठेवलंय. तुम्हीच आधी वाचा:

'दुसऱ्या पुस्तकात विहिरीवर चढणारी मुलगी वेलीच आहे. मी एका मुलीवर प्रेम करत होतो, म्हणून लेखकाला न विचारता तिचं नाव तिथे छापलं. त्या मुलीला ते नको होतं. लेखकाला मी खोटं वाचून दाखवलं. ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांनी पेन्सिलीनं नाव दुरुस्त करावं. वेली जिवंत आहे. विश्वनाथ, कंपोझिटर.'

बाबूरावांनी प्रूफ वाचलं. मग लाल शाई खरवडायला ब्लेड घेऊन बसले. त्यांना माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

अप्पा, वचन देतो. प्रेसमध्ये दुसऱ्या पुस्तकाचे जेवढे गठ्ठे पडलेत, त्या प्रत्येक प्रतीत, चाळीसही ठिकाणी, माझ्या हातानं वेली लिहीन. आणि त्याआधी, उद्याच, सायकलवरून त्या मुलीच्या वस्तीत जाईन. पोस्टकार्ड नाही टाकणार. तोंडावर सांगीन. तिनं दार लावलं तर बाहेर उभा राहीन, पण सांगून येईन.

तुमचा,
ज्यानं तुम्हाला खोटं वाचून दाखवलं तो,
इसू