पहिली रेघ तळाशी

९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

बरी असशील. मीही बरा आहे. इथे गोदामात खोकी बंद करायचं काम मिळालंय, चिकटपट्टीचा आवाज कानात बसलाय. समोरचा माणूस रोज सायकल धुतो, चालवत मात्र कधीच नाही. असो. भरकटलो.

तो निळ्या चौकड्यांचा शर्ट माझ्याकडे आहे. ज्याचा होता त्या गिऱ्हाइकाला काय सांगितलंस?

दोन वर्षांनी तुझ्या इस्त्रीच्या दुकानात आलो, तर तू म्हणालीस, "भिंगरी, काढ तो शर्ट. कॉलर बघ, कुत्र्याने चघळल्यासारखी." आणि हा घालायला दिलास. मग मान वर न करता, "आईबद्दल काही विचारायचं नाही तुला?"

मी विचारलं, "शर्टाला किती वेळ लागेल?"

"बस आत," तू म्हणालीस.

आत, घड्या घालायच्या टेबलावर, मी नाणी काढली. आधीच्या गावातल्या खोलीमित्राकडून शिकलोय, कौल देणारं चिनी पुस्तक आहे, सहा रेघांचं. प्रश्न एकच: थांबू का? तीन नाणी, सहा वेळा. छाप्याचे तीन, काट्याचे दोन. बेरीज विषम आली तर सलग रेघ, सम आली तर मधे तुटलेली. सहा किंवा नऊ आले तर ती रेघ उलटते, उत्तर बदलत जातं. मला आधी तीनदा सात, मग तीनदा आठ. उलटणारी एकही नाही. पक्कं उत्तर.

कपड्यांच्या चिठ्ठीवर मी वरून खाली लिहीत गेलो. वर तीन सलग, ते आकाश. खाली तीन तुटक, ती पृथ्वी. दिसायला सगळं जागच्या जागी. पण आकाश वर चढतं, पृथ्वी खाली बसते, दोघं लांब लांब जातात. नाव कोंडी. मी मागच्या दाराने निघालो.

रेघा खालून वर मांडतात, ताई. पहिली तळाशी. तशी मांडली की पृथ्वी वर, आकाश खाली. एक उतरते, दुसरं चढतं, वाटेत गाठ पडते. नाव शांती. सहाही आकडे तेच.

चूक झाली, असं लिहिणार होतो. पण नियम मला पाठ आहे. नेहमी खालूनच मांडतो. त्या दिवशी पेन वरून सुरू झालं, मी बघत होतो, थांबवलं नाही.

रडू वगैरे येत नाही. आई गेल्याची बातमी कळली तेव्हाही आलं नाही. तिकीट हातात होतं, बस गेली, मी बाकावर बसून होतो. तुला सांगितलं की बस चुकली.

तोच प्रश्न परत विचारायचा नसतो, म्हणून नाणी पुन्हा टाकली नाहीत. शिवाय पुस्तकात शांतीच्या लगेच पुढे कोंडीच आहे. नुसतं बसून राहिलं की ती येते.

रविवारी येतो. पुढच्या दाराने. हा शर्ट धुतलाय, इस्त्री तू कर. माझा ठेवला नसलास तरी चालेल.

आई शेवटी काय म्हणाली, ते सांग. मी विचारतोय.

दुसऱ्याच्या शर्टातला,
तुझाच भिंगरी